त्रासदायक सहकारी टीम सोडून जातोय, निरोपाचा मेसेज कसा लिहायचा

टीममधलं कोणीतरी जातंय, कार्ड फिरतंय किंवा ग्रुपवर एकेकाचे मेसेज पडतायत, आणि जाणारी व्यक्ती नेमकी तीच आहे जिच्यामुळे तुम्हाला ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. लिहावं तर लागणार. मग लोक काय करतात, तर कुठूनतरी तयार मेसेज उचलतात आणि त्यात 'मनमिळाऊ', 'आधारस्तंभ' असले शब्द येतात, जे वाचून टीममधला प्रत्येक जण एकमेकाकडे बघतो. नाहीतर खरं लिहायला जातात आणि वाक्यात न कळत टोमणा शिरतो. दोन्हीचं मूळ एकच आहे, लिहिणारा त्या माणसाच्या स्वभावापासून सुरुवात करतो आणि त्याला साजेसं विशेषण शोधत बसतो. विशेषण सापडत नाही, कारण चांगलं विशेषण खरं नसतं आणि खरं विशेषण लिहिता येत नाही. म्हणून खाली जी पद्धत दिलीय ती कामापासून सुरू होते, माणसाच्या स्वभावाला हातच लावत नाही.

उदाहरणासाठी एकच केस शेवटपर्यंत धरूया. अकाउंट्स टीम आहे, जाणारा माणूस तुम्हाला सीनियर आहे पण तुमचा बॉस नाही. तुमच्या शीटमध्ये चूक सापडली की तुम्हाला न सांगता थेट ग्रुपवर टाकायचा, माहिती विचारली की 'मेलमध्ये बघ' म्हणायचा, आणि दोघांनी मिळून केलेलं काम मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर सांगायचा. राजीनामा दिलाय, शुक्रवारी शेवटचा दिवस आहे आणि टीमचं ऑनलाइन कार्ड तुमच्यापर्यंत आलंय.

१. आधी ठरवा, लिहायचं आहे का

साधा त्रास आणि छळ यात फरक करा. चिडका स्वभाव, श्रेय घेणं, मदत न करणं, टाकून बोलणं, हा त्रास झाला आणि यासाठी पुढच्या सगळ्या पायऱ्या आहेत. पण ज्या माणसाविरुद्ध तुम्ही तक्रार दिलीय, किंवा ज्याने धमकावलंय, अंगाला हात लावलाय, जातीवरून-लिंगावरून बोललाय, त्याला काहीही लिहू नका, नुसती सहीसुद्धा नको. तक्रार चालू असेल तर तुमचा गोड मेसेज उद्या तुमच्याच विरुद्ध दाखवला जाऊ शकतो, 'बघा, संबंध तर चांगले होते' म्हणून. कोणी कार्ड पुढे केलं तर 'मी नाही लिहिणार' एवढंच बोला, कारण द्यायची गरज नाही.

दुसरं, तो का जातोय हे नीट कळलंय का बघा. स्वतः सोडून जातोय, काढलंय, की कपातीत गेलाय? काढलं असेल किंवा नोकरी गेली असेल तर 'नवीन जॉबसाठी अभिनंदन' हे वाक्य फार लागतं, आणि पार्श्वभूमी आधीच कडू असली की समोरचा ते मुद्दाम लिहिलंय असंच धरतो. नक्की माहीत नसेल तर 'पुढच्या कामासाठी शुभेच्छा' लिहा, ते सगळीकडे चालतं.

> तपासा: त्याचं जाणं ऑफिसने अधिकृतपणे सांगितलंय ना? नुसतं कानावर आलंय तेवढ्यावर मेसेज पाठवू नका.

२. कोण वाचणार ते बघा

मेसेज एका माणसाला लिहिलाय असं वाटत असलं तरी कार्डावरचा मजकूर अख्खी टीम वाचते. त्यात असेही लोक असतात ज्यांना त्या माणसाचा तुमच्यापेक्षा जास्त त्रास झालाय. तुम्ही भरभरून कौतुक केलंत तर त्यांना वाटतं की आमचं झालं ते याला खोटं वाटतंय. आणि असेही असतात ज्यांचं त्याच्याशी छान जमायचं, त्यांना तुमचा टोमणा लगेच कळतो. म्हणजे मेसेज असा हवा की या दोन्ही बाजूंचे लोक वाचून 'हो, हे बरोबर आहे' म्हणतील.

जागा निवडता येत असेल तर सगळ्यांचं कार्ड किंवा ग्रुप बरा. तिथे सगळे लिहितात, तुमच्या तीन-चार ओळी त्यात बसून जातात. वेगळा पर्सनल मेसेज पाठवलात की त्याचा अर्थ वाढतो, समोरच्याला वाटतं याला काहीतरी मिटवायचंय किंवा सुनवायचंय. अशा माणसाला पर्सनल मेसेज तेव्हाच पाठवा जेव्हा टीममध्ये तुम्ही दोघंच असता किंवा कार्ड वगैरे काही नाहीच.

३. कच्चा माल गोळा करा, लिहायला बसू नका

लोक हीच पायरी गाळतात आणि मग रिकाम्या स्क्रीनकडे बघत राग आठवत बसतात. आठवणीवर विसंबू नका, कारण नाराजी असली की आठवण फक्त भांडणं काढून देते. त्याऐवजी कामाच्या जागा उघडून बघा: शेअर्ड फोल्डरमध्ये त्याने बनवलेल्या फाइल्स, मेलमध्ये त्याच्या नावाने सर्च, जुन्या मीटिंगच्या नोट्स, त्याने दिलेला हँडओव्हर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, इथे असं काय आहे जे तो गेल्यावरही वापरात राहणार आहे, किंवा जे त्याने केलं नसतं तर दुसऱ्या कोणालातरी करावं लागलं असतं?

आपल्या केसमध्ये पंधरा-वीस मिनिटं शोधल्यावर समजा ही यादी झाली:

- महिनाअखेरच्या क्लोजिंगची चेकलिस्ट त्याने बनवली, अजून तीच चालू आहे.
- मागच्या ऑडिटला ऑडिटरने विचारलेले सगळे प्रश्न तो एका शीटमध्ये ठेवायचा, कोणाकडे काय पेंडिंग आहे ते त्यात दिसायचं.
- इतरांच्या चुका पकडायचा.
- वेळेवर यायचा.
- नवीन लोकांना शिकवलं.
- हँडओव्हरच्या नोट्स दिल्या.

ही यादी अजून मेसेज नाही. यातलं बरंचसं गळणार आहे.

> सावध: यादी करताना शेजारच्याला 'अरे याच्याबद्दल चांगलं काय लिहू' असं चॅटवर विचारू नका. त्या चॅटचा स्क्रीनशॉट शेवटच्या दिवशी फिरला तर कार्डावर काय लिहिलंय याला काही अर्थ राहत नाही.

४. यादी गाळून घ्या

प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न लावा आणि एकातही अडला तर काढून टाका.

पहिला, हे खरं आहे का? 'नवीन लोकांना शिकवलं' हे आपल्या केसमध्ये खोटं आहे, त्याने फाइलची लिंक पाठवली होती एवढंच. गेलं. अर्धं खरं असेल तरी काढा, कारण ज्या नवीन मुलीला ती लिंक मिळाली होती तीही कार्ड वाचणार आहे.

दुसरा, हे बाकीच्यांनाही दिसलंय का? फक्त तुमच्या दोघांत घडलेली गोष्ट घेऊ नका, एकदा त्याने तुमच्यासाठी उशिरा थांबून मदत केली असेल तरी. एरवी सतत कटकट असताना ती एकच आठवण काढली की ती मनधरणी वाटते. चेकलिस्ट आणि ऑडिटची शीट सगळ्यांनी वापरलीय, ती चालते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच जवळपास सगळे घसरतात. ज्या गोष्टीचा त्रास झाला तीच गोष्ट उलटी करून कौतुकात तर येत नाहीये ना? 'चुका पकडायचा' हे खरं आहे, सगळ्यांनी पाहिलंय, आणि म्हणूनच ते घ्यायचं नाही. 'तुमच्या बारीक नजरेतून काहीच सुटायचं नाही' असं लिहिलंत तर टीममधल्या प्रत्येकाला ग्रुपवर टाकलेली आपापली चूक आठवते आणि त्यालाही कळतं की हा कशाबद्दल बोलतोय. याच जातीचे शब्द म्हणजे 'स्पष्टवक्तेपणा', 'शिस्त', 'परफेक्शनचा आग्रह', 'तुमची स्टाईलच वेगळी', 'तत्त्वाला पक्के'. एरवी हे चांगले शब्द आहेत पण त्रासदायक माणसासाठी वापरले की ते पडद्याआडचे टोमणे होतात, तुमच्या मनात तसं नसलं तरी. नियम सोपा ठेवा, जिथे जखम आहे त्याच्या आसपासही जायचं नाही, दुसरीकडचं काहीतरी घ्यायचं.

'वेळेवर यायचा' हे तिन्ही प्रश्नांतून पास होतं तरी काढा. इतकी छोटी गोष्ट लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं याला दुसरं काही सापडलंच नाही.

उरलं काय, तर चेकलिस्ट, ऑडिटची शीट, हँडओव्हर. तीन मुद्दे भरपूर झाले, खरंतर दोनही पुरतात.

> तपासा: उरलेल्या प्रत्येक मुद्द्यात एखादी वस्तू किंवा काम आहे ना? 'मेहनत', 'अनुभव', 'योगदान' एवढंच उरलं असेल तर पायरी ३ वर परत जा.

५. आता लिहा, याच क्रमाने

क्रम असा: आधी हाक, मग काम, मग ते काम कोणाच्या उपयोगी पडलं, मग शुभेच्छा. तीन ते पाच वाक्यं.

*हाक.* रोज ज्या नावाने हाक मारता तीच ठेवा. रोज 'तू' म्हणत असाल आणि कार्डावर अचानक 'आपण' आलं तर दुरावा लगेच जाणवतो. उलट रोज 'सर' आणि 'तुम्ही' असेल तर शेवटच्या दिवशी सलगी करून 'मित्रा' लिहू नका. 'प्रिय', 'आदरणीय' यातलं काहीच नको, नाव पुरतं.

*काम.* वस्तूचं नाव घ्या आणि क्रियापद साधं ठेवा: बनवलीत, सांभाळलीत, लावून दिलीत. 'अप्रतिम', 'जबरदस्त', 'सुंदर' काढून टाका. वाक्य खरं असेल तर ते विशेषणाशिवायही उभं राहतं, आणि विशेषण आलं की वाचणारा लगेच तोलायला लागतो की याला खरंच असं वाटतं का.

*उपयोग.* इथे 'मी' ऐवजी 'आम्ही' किंवा 'टीम' बरं पडतं. 'मला तुमच्यामुळे' म्हटलं की तुमचं आणि त्याचं नातं मध्ये येतं, 'आम्हाला त्या शीटमुळे' म्हटलं की गोष्ट कामावर राहते. तेवढा एक शब्द बदलला तरी निम्मा अवघडलेपणा जातो, करून बघा.

*शुभेच्छा.* एकच वाक्य, आणि ते पुढच्या कामाबद्दल. 'संपर्कात राहू', 'भेटत राहू', 'कधीही फोन करा' हे लिहू नका. तुम्हाला तसं नको असेल तर ते खोटं आहे, आणि तो खरंच फोन करेल.

आता आपली केस. आधी बहुतेक लोक लिहितात तो पहिला ड्राफ्ट:

> सर, तुम्ही आमच्या टीमचा आधारस्तंभ होतात. तुमच्याकडून खूप काही शिकायला मिळालं. तुमच्यासारखा माणूस परत मिळणार नाही. तुम्ही कायम लक्षात राहाल!

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नाही, त्याने नेहमीची वाक्यं घेतलीत. पण ज्या टीममध्ये कडवटपणा आहे तिथे 'खूप काही शिकायला मिळालं', 'परत मिळणार नाही' आणि 'कायम लक्षात राहाल' या तिन्ही वाक्यांचा दुसरा अर्थ सगळ्यात आधी डोक्यात येतो. पहिलं वाक्य खोटं आहे आणि उरलेली तीन दुधारी. कामाचं नाव कुठेच नाही.

वरच्या क्रमाने लिहिलेला:

> (नाव) सर, महिनाअखेरच्या क्लोजिंगची चेकलिस्ट तुम्ही बनवलीत, ती आम्ही दर महिन्याला वापरतो आणि पुढेही तीच वापरणार आहोत. मागच्या ऑडिटला सगळे प्रश्न एका शीटमध्ये ठेवले होतेत, त्यामुळे कोणाकडे काय राहिलंय ते टीमला लगेच कळायचं. हँडओव्हरच्या नोट्सबद्दल थँक्यू. पुढच्या कामासाठी शुभेच्छा!

यात त्याच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही, तरी मेसेज कोरडा वाटत नाही, कारण दोन गोष्टी नेमक्या आहेत आणि त्या फक्त त्याच्याबद्दलच लिहिता येतात. ज्यांना त्याचा त्रास झाला त्यांना चेकलिस्ट नाकारता येणार नाही, आणि त्यालाही हे खरं वाटेल.

६. जे लिहायचंच नाही

जुन्या भांडणाचा उल्लेख नको, गोड शब्दांतही नको. 'आपले मतभेद झाले पण', 'कधी खटके उडाले तरी', 'चढ-उतार आले' ही वाक्यं लोकांना प्रामाणिक वाटतात म्हणून घालतात, पण कार्डावर ती सगळ्यांसमोर भांडण परत मांडतात आणि त्याला उत्तर द्यायला जागाही देत नाहीत. एकूणच 'पण' आणि 'तरी' हे दोन शब्द ड्राफ्टमध्ये दिसले की त्याच्या आधीचा भाग वाचा, बहुतेक वेळा तो काढायचाच असतो.

माफी मागायची नाही आणि माफ केल्याचंही सांगायचं नाही. 'काही चुकलं असेल तर माफ करा' हे आपल्याकडे निरोपाच्या वेळी सहज लिहिलं जातं, चांगल्या नात्यात ते गोडही वाटतं. इथे मात्र समोरचा त्याचा अर्थ कबुली असा घेऊ शकतो. खरोखर माफी मागायची असेल तर ती समोरासमोर, वेगळी, कार्डावर नाही.

विनोद नको. ज्याच्याशी जमत नाही त्याच्याबद्दल केलेला विनोद विनोद म्हणून वाचला जात नाही. हसरी इमोजीसुद्धा 'शुभेच्छा'च्या पुढे आली की सुटल्याचा आनंद वाटू शकते, म्हणून इमोजी टाळलेलीच बरी.

७. तीन वेळा वाचा, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी

पहिल्यांदा तो वाचतोय असं समजून वाचा. एखाद्या वाक्यापाशी 'याला नक्की काय म्हणायचंय?' असं वाटलं की ते वाक्य बदलायचं, स्वतःला समजावत बसायचं नाही. दुसऱ्यांदा ज्याला त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो सहकारी वाचतोय असं समजा, त्याला हे खोटं किंवा चाटूगिरी वाटेल का? तिसऱ्यांदा मॅनेजर वर्षभराने हे वाचतोय आणि मागचं काहीच माहीत नाही असं धरा, तेव्हा हा साधा, सभ्य मेसेज वाटला पाहिजे.

मग कार्डावरचे बाकीचे मेसेज बघा आणि लांबी जुळवा. सगळ्यांनी दोन ओळी लिहिल्या असतील आणि तुमच्या आठ असतील तर त्या आठच नजरेत भरतील. आणि सगळ्यांनी परिच्छेद लिहिलेत तिथे तुमचं नुसतं 'ऑल द बेस्ट' ठसठशीतपणे दिसतं.

> तपासा: मेसेजमधलं नाव बदलून दुसऱ्या कोणालाही पाठवता येतोय का? येत असेल तर कामाचं वाक्य कमी पडलंय.

८. पाठवायची वेळ

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी किंवा शेवटच्या दिवशी सकाळी. संध्याकाळपर्यंत थांबू नका, बऱ्याच ऑफिसांत शेवटच्या दिवशी मेल आणि चॅटचं अकाउंट बंद होतं आणि मग तुमचा मेसेज पोचतच नाही, तुम्ही न लिहिल्यासारखंच होतं. कार्डावर पहिलं नाव तुमचं नको आणि शेवटचंही नको, मधे कुठेतरी लिहा.

राग ताजा असताना पाठवू नका. त्याच दिवशी सकाळी त्याने काही बोललं असेल तर ड्राफ्ट तसाच ठेवा, जेवून या आणि एकही शब्द न बदलता पाठवा. न बदलता हे महत्त्वाचं, कारण रागात केलेला 'छोटासा बदल' म्हणजे नेमका तोच टोमणा जो तुम्ही पायरी ४ ला काढला होता.

९. मॅनेजर असाल तर थोडं वेगळं

त्रासदायक माणूस तुमच्या हाताखालचा असेल तर तुमचा मेसेज टीम जास्त लक्ष देऊन वाचते, कारण त्यावरून त्यांना कळतं की त्यांनी केलेल्या तक्रारी तुम्ही ऐकल्या होत्या की नाही. इथे कामाचं एक वाक्य, मग कोणतं काम कोणाकडे जातंय ते, आणि शुभेच्छा. 'टीमचं मोठं नुकसान' असं लिहू नका. ते खरं नसेल तर तक्रार करणाऱ्यांना तो सरळ अपमान वाटतो. आणि काढून टाकलं असेल तर मजकूर पाठवायच्या आधी एचआरला दाखवा, कारण लेखी कौतुक आणि काढण्याचं कारण एकमेकांशी भांडायला नको.

१०. उत्तर आलं तर

बहुतेक वेळा नुसतं 'थँक्यू' येतं, त्याला उत्तर द्यायची गरज नाही. कधीकधी तो अनपेक्षितपणे मोकळा होतो आणि लिहितो की 'मला वाटलं नव्हतं तू असं लिहिशील' किंवा 'आपलं जमलं नाही याचं वाईट वाटतं'. तेव्हा घाईने सगळं उकरून काढू नका आणि 'छे छे, असं काही नव्हतं' असं खोटंही बोलू नका. 'लिहिलंत हे बरं वाटलं, थँक्यू' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. उलट तो टोमणा मारून उत्तर देईल, तर कार्डावर किंवा ग्रुपवर काहीही लिहू नका. तुमच्या चार ओळी तिथे आहेतच.

एक गोष्ट जी काही आठवड्यांनी येऊ शकते आणि लोक तिथे गडबडतात: तो रेफरन्स मागतो किंवा प्रोफाइलवर शिफारस लिहायला सांगतो आणि म्हणतो, 'तू कार्डावर किती छान लिहिलं होतंस.' कार्डावरचा मेसेज निरोपाचा होता, शिफारस म्हणजे तुम्ही पुढच्या ऑफिसला तुमचा शब्द देताय. द्यायची नसेल तर लगेच आणि एकाच वाक्यात सांगा: 'मी शिफारस लिहीत नाही, पण तुम्ही क्लोजिंग आणि ऑडिटचं काम बघत होतात एवढं कोणी विचारलं तर नक्की सांगेन.' यातही तेच दोन मुद्दे आहेत जे कार्डावर होते, आणि त्याच्या पलीकडे तुम्हाला जावं लागत नाही. हो म्हणून दिवस ढकलू नका, तो तिकडे मुलाखतीत तुमचं नाव देऊन बसलेला असतो.